ग्रूमिंगचं दरपत्रक असं लिहा की न्यायला आलेल्या माणसाने ‘एवढे कसे झाले?’ विचारू नये

कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या माझ्या पहिल्या दरपत्रकात तीन ओळी होत्या. बेसिक, प्रीमियम आणि डिलक्स. प्रत्येकीपुढे एक आकडा आणि त्या आकड्यामागे ‘पासून’. दिसायला झकास होतं. पहिल्याच महिन्यात एक बाई आपला शित्झू डिलक्ससाठी ठेवून गेल्या, संध्याकाळी न्यायला आल्या आणि बिल बघून शांतपणे म्हणाल्या, "डिलक्स म्हणजे सगळं ना? मग हे वरचे कसले?"

वरचे होते जटा काढण्याचे. त्यांच्या हिशेबी ‘सगळं’ या शब्दात जटा आल्या होत्या, माझ्या हिशेबी नव्हत्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी ती गोष्ट कुठे लिहिलीच नव्हती, एवढंच. मी वरचे पैसे सोडून दिले, बाई तरीही नाराजच गेल्या आणि परत आल्या नाहीत.

त्यानंतर ते दरपत्रक मी चार वेळा नव्याने लिहिलं. नवीन सुरू करणाऱ्यांना त्या चार फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. हे सगळं कुत्र्यांपुरतं आहे. मांजरांचं दरपत्रक वेगळंच करा. त्यांची कातडी पातळ आणि सैल असते, पकडण्याची पद्धत निराळी आणि वेळेचं गणितही निराळं. कुत्र्यांच्या तक्त्यात ‘मांजर’ अशी एक ओळ घुसडली की ती ओळ हमखास चुकते.

रकमांऐवजी मी इथे ‘एकक’ वापरणार आहे. १५ मिनिटांचं काम म्हणजे १ एकक. तुमच्या एककाची रक्कम तुम्ही घाला. ग्राहकाला दाखवताना मात्र थेट रक्कमच दाखवा. एकक ही आपल्या वहीतली गोष्ट आहे.

## लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं

- मागच्या किमान ३० कुत्र्यांच्या वेळेच्या नोंदी
- कुत्रा उभा राहील असा वजनकाटा
- एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा
- नोंदणीचा अर्ज: वय, लसीकरणाच्या कार्डाची प्रत, चालू औषधं, आधीच्या शस्त्रक्रिया, पशुवैद्यांचा नंबर आणि मालकांचे दोन फोन नंबर
- जटा काढण्याचं संमतीपत्र, एका पानाचं

दुसरा फोन नंबर का, ते पाचव्या पायरीत कळेल.

## १. आधी घड्याळ लावा

बहुतेक जण दुसऱ्यांचे दर बघून आपले ठरवतात. मीही तेच केलं होतं. त्यात गोची अशी की दुसऱ्याकडे दोन माणसं आणि मोठा ड्रायर असतो, आपल्याकडे आपण एकटेच असतो. म्हणून महिनाभर प्रत्येक कुत्र्याचा वेळ लिहा. नुसता एकूण वेळ लिहू नका, त्याचे चार तुकडे करा: अंघोळीआधीचं विंचरणं, अंघोळ, वाळवणं आणि कात्री-क्लिपरचं काम.

माझ्या वहीत सगळ्यात मोठा धक्का वाळवण्याने दिला. ३० किलोचा बॉक्सर सगळं मिळून सव्वा तासात मोकळा झाला. ४ किलोच्या पॉमेरेनियनलाही तेवढाच सव्वा तास लागला. बॉक्सरचं अंग टॉवेलनेच निम्मं कोरडं होतं. पॉमच्या वरच्या केसांखाली दाट लव असते आणि ती पाणी धरून ठेवते. हात फिरवला तर कोरडं वाटतं, पण केस फुंकर मारून बाजूला केले की बुडाशी ओल दिसते. ती तशीच राहिली की दोन दिवसांत वास येतो, कातडी चिघळते आणि मालक तुम्हालाच फोन करतात. म्हणजे वाळवणं घाईत उरकता येत नाही. ज्याला उरकता येत नाही त्याचे पैसे दरात धरलेच पाहिजेत.

एककाची रक्कम काढताना दुकान उघडं असलेले तास धरू नका. दिवसाचे ८ तास दार उघडं असलं तरी टब धुणं, केस झाडणं, फोन आणि उशिरा येणारे ग्राहक यांत बराच वेळ जातो. माझ्याकडे प्रत्यक्ष कुत्र्यावर हात असण्याचा वेळ साडेपाच तास भरला. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५५० एककं झाली. भाडं, वीज, पाणी, शाम्पू, टॉवेलची धुलाई, ब्लेडला धार लावणं आणि स्वतःचा पगार, हे सगळं त्या ५५० मध्ये बसलं पाहिजे. स्वतःचा पगार लिहायला विसरू नका. मी वर्षभर विसरले होते.

## २. पातळ्यांची नावं कामावरून ठेवा

सिल्व्हर-गोल्ड किंवा बेसिक-डिलक्स या नावांचा घोळ असा की वाचणारा त्यात स्वतःचा अर्थ भरतो. ‘प्रीमियम’ वाचून कुणाला महागडा शाम्पू दिसतो, कुणाला कटिंग. मी आता तीनच पातळ्या ठेवते आणि त्यांना त्यांच्या कामाचंच नाव देते.

अंघोळ. विंचरणं, दोनदा शाम्पू, पूर्ण वाळवणं, नखं, कान बाहेरून पुसणं. कात्री अंगाला लागत नाही.

अंघोळ आणि टोकं. वरचं सगळं, शिवाय डोळ्यांपुढचे केस, पंजांच्या गाद्यांमधले केस आणि शेपटीखालची स्वच्छता. अंगावरच्या केसांची लांबी आहे तीच राहते.

अंघोळ आणि अंगभर कटिंग. वरचं सगळं, शिवाय अंगाचे, पायांचे आणि चेहऱ्याचे केस ठरलेल्या लांबीला कापणं.

प्रत्येक पातळीखाली ‘यात काय येत नाही’ ही एक ओळ लिहाच. माझा अनुभव असा की लोक ‘काय येतं’ ही यादी वरवर वाचतात, पण ‘येत नाही’ या ओळीवर थांबतात. दुसऱ्या पातळीखाली मी लिहिते: ‘यात अंगावरचे केस कमी होणार नाहीत.’ एवढ्या एका वाक्याने माझे निम्मे फोन कमी झाले, कारण ‘टोकं’ म्हणजे ‘थोडंसं कटिंग’ असं बरेच जण समजायचे.

आणखी एक सापळा ‘ट्रिम’ या शब्दात आहे. ग्रूमरच्या तोंडी ट्रिम म्हणजे ठरावीक जागेचे केस नीट करणं. मालकाच्या तोंडी त्याचा अर्थ ‘सगळीकडून जरा बारीक’. दरपत्रकात हा शब्द मी वापरतच नाही. लांबी बोलायची वेळ आली की बोटाने दाखवते. अर्धं पेर, एक पेर. सेंटिमीटरपेक्षा ते लवकर कळतं, पण अर्जावर सेंटिमीटरही लिहून ठेवते.

## ३. वजनाला केसांच्या प्रकाराची जोड द्या

बॉक्सर आणि पॉमचं उदाहरण वर आलंच. फक्त वजनावर दर लावला तर बॉक्सरचा मालक पॉमच्या मालकाचे पैसे भरतो. फक्त जातीवर लावायचा तर शंभर नावं छापावी लागतात, आणि मिश्र जातीच्या कुत्र्याला त्यात जागाच नसते. म्हणून मी केसांचे तीन गट केले, मालकाला घरी बसून ओळखता येतील असे:

- गुळगुळीत. केस अंगाला चिकटून, एका बोटाच्या रुंदीपेक्षा आखूड. बॉक्सर, डॉबरमन, गुळगुळीत केसांचा डॅशहंड.
- दुहेरी. वर जाड केस, खाली कापसासारखी लव, आणि ती हंगामात झडते. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन.
- वाढत राहणारे. माणसासारखे, कापले नाहीत तर लांबत जाणारे. शित्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल.

लॅब्रॅडॉरचे केस आखूड दिसतात म्हणून त्याचे मालक हटकून पहिल्या गटात बघतात. त्यामुळे त्याचं नाव दुहेरीत ठळक छापा. तारेसारखे राठ केस असलेल्या टेरियरचं काम वेगळं आहे. त्यांचे मेलेले केस हाताने उपटून काढायचे असतात. ते तुम्हाला येत नसेल तर तसं सरळ लिहा.

वजनाचे गट लिहिताना एक बारीक चूक जवळपास प्रत्येक दरपत्रकात सापडते: ‘१० ते २५ किलो’ आणि त्याखाली ‘२५ ते ४० किलो’. बरोबर २५ किलोचा कुत्रा कुठे गेला? मालक वरच्या ओळीत बघणार, तुम्ही खालच्या. ‘१० किलोपर्यंत’, ‘१० च्या वर, २५ पर्यंत’, ‘२५ च्या वर’ असं लिहा. शेजारी हेही लिहा की त्या दिवशी काट्यावर भरेल ते वजन धरलं जाईल. पिल्लं दर महिन्याला गट बदलतात आणि मालकांच्या डोक्यात मात्र लसीकरणाच्या दिवशीचं वजन बसलेलं असतं.

आता तक्ता. सगळं एकाच मोठ्या तक्त्यात कोंबू नका. वजनाच्या प्रत्येक गटाचा एक लहान तक्ता करा. मालकाने आपल्या कुत्र्याच्या वजनाचा तक्ता शोधायचा, केसांची एक ओळ बघायची, संपलं. माझा १० किलोपर्यंतचा तक्ता एककांत असा आहे:

| केस | अंघोळ | अंघोळ आणि टोकं | अंघोळ आणि अंगभर कटिंग |
|---|---|---|---|
| गुळगुळीत | ३ | लागत नाही | लागत नाही |
| दुहेरी | ५ | ७ | करत नाही |
| वाढत राहणारे | ५ | ७ | ९ |

प्रत्येक चौकटीत पूर्ण बेरीज आहे. ‘टोकांसाठी अधिक २’ असं लिहून बेरीज मालकावर सोडली की त्यांची आणि आपली बेरीज जुळत नाही.

‘करत नाही’ या चौकटीखाली कारण द्या, नाहीतर उन्हाळ्यात दिवसाला पाच जण तेच विचारतात. दुहेरी केसांचा कुत्रा तासून काढला तर लव आधी उगवते आणि वरचे जाड केस मागे राहतात. काही कुत्र्यांचा पोत नंतर कधीच पूर्वीसारखा होत नाही. शिवाय वरचा थर कातडीला उन्हापासून वाचवतो. त्यांना गारवा हवा असेल तर सुटी झालेली लव विंचरून काढायची. ते काम अंघोळीच्या दरात आहेच, हेही तिथेच सांगून टाका.

## ४. जटांचा दर वेगळा लिहा, आणि तो ओळखायची रीतही द्या

सगळी भांडणं इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

मालक म्हणतात, "मी रोज विंचरते." खरंच विंचरतात, पण वरवर. मऊ ब्रश केसांच्या वरच्या थरावरून फिरतो, वर रेशमासारखं दिसतं आणि खाली कातडीलगत नमद्यासारखा थर बसलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ग्रूमरने जटा सांगितल्या की तो पैसे उकळण्याचा बहाणा वाटतो. यावर उपाय एकच, जटा ओळखायची चाचणी मालकाच्याच हातात द्यायची.

माझ्या दरपत्रकात ती अशी आहे: ‘स्टीलचा कंगवा घ्या. विरळ दातांची बाजू कातडीला टेकवा आणि केसांच्या टोकापर्यंत ओढा. पाच जागा बघा: कानांमागे, पुढच्या पायांच्या काखेत, गळपट्ट्याखाली, मांडीच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या बुडाशी.’ त्यापुढे तीन ओळी:

- कंगवा पाचही ठिकाणी सरळ गेला: जटा नाहीत, वेगळा दर नाही.
- कुठे अडकला, पण गाठ बोटांनी फोडता येते आणि तिच्याखाली कातडी दिसते: सुट्या गाठी, अधिक १ एकक.
- कंगवा शिरतच नाही, गाठी एकमेकींना चिकटून चादर झाली आहे: बसलेल्या जटा. केस काढावे लागतील, अधिक २ एककं.

तिसऱ्या ओळीवर लोकांचा ठरलेला प्रश्न असतो, "केस सगळे काढून टाकलेत, म्हणजे काम कमी झालं. मग पैसे जास्त का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर दरपत्रकातच असू द्या.

बसलेल्या जटा अंघोळीआधी काढाव्या लागतात. ओल्या झाल्या की त्या वाळताना आणखी आवळतात, आत शाम्पू अडकतो आणि बुडाशी ओल राहते. म्हणून मळक्या, कोरड्या केसांतून क्लिपर चालवायचा असतो. ब्लेड जटेच्या आणि कातडीच्या मधून सरकलं पाहिजे, त्यामुळे लांबी किती ठेवायची हे जट ठरवते, मालकही नाही आणि मीही नाही. जिथे ७ नंबरचं बारीक दातांचं ब्लेड जातं तिथे साधारण ३ मिलिमीटर केस उरतात. तेही जात नसेल तर १० नंबरचं, आणि मग दीड मिलिमीटर. मळक्या केसांत ब्लेड लवकर तापतं आणि बोथटही होतं. दर काही मिनिटांनी ते स्वतःच्या मनगटाला लावून बघावं लागतं, गरम लागलं की बदलावं लागतं. काखेत आणि मांडीला कातडीची घडी जटेत ओढली गेलेली असते. तिथे घाई केली तर ती कापली जाते.

आणि एवढं करूनही कातडी लाल निघू शकते. ती लाली आधीपासून जटेखाली असते, जट निघाल्यावर दिसते. कानांचं तर जास्तच जपावं लागतं. जड जट निघाल्यावर कुत्रा कान फडफडवत राहतो आणि कधीकधी कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगते. हे मालकाने आधी वाचलेलं असेल तर तो पशुवैद्यांकडे जातो. आधी वाचलेलं नसेल तर तो तुमच्याकडे येतो, रागावून. म्हणून संमतीपत्रात या तीन गोष्टी सोप्या भाषेत हव्यात: केस किती आखूड होतील, कातडी लाल दिसू शकते, कानांवर लक्ष ठेवावं लागेल. खाली सही.

‘जटा फोडून लांबी वाचवा’ असा आग्रह धरणारेही येतात. सुट्या गाठींसाठी मी १५ मिनिटं देते, त्यापुढे नाही, आणि ही हद्द दरपत्रकात छापलेली आहे. कातडीलगतची चादर विंचरून सोडवणं म्हणजे तासभर कुत्र्याचे केस ओढत बसणं. पुढच्या वेळी तो टेबल बघूनच थरथरतो. त्या कामाचा दर मी ठेवलेलाच नाही, कारण दर छापला की कुणीतरी तो द्यायला तयार होतं.

## ५. ‘पासून’ काढा आणि वरची हद्द लिहा

‘पासून’ वाचणाऱ्याच्या डोक्यात खालचाच आकडा राहतो. त्याऐवजी मी लिहिते: ‘तक्त्यातला दर आणि जटांचा दर मिळून होईल तेवढंच बिल. त्याहून जास्त लागेल असं दिसलं तर काम थांबवून आम्ही आधी फोन करू.’

यातला शेवटचा शब्द पाळणं अवघड आहे. कुत्रा अर्धा कापून झाला आहे आणि फोन उचलला जात नाही, असं होतं. म्हणून अर्जावर दुसरा नंबर घ्या. शिवाय एक प्रश्न विचारून ठेवा: ‘दोन्ही नंबर लागले नाहीत तर काय करू?’ त्याखाली दोन चौकटी द्या. पहिली, जटा काढून काम पूर्ण करा. दुसरी, अंगावर कात्री न लावता कुत्रा तसाच ठेवा, फक्त तपासणीचे १ एकक घ्या. बहुतेक जण पहिलीवर खूण करतात. पण खूण त्यांनी केलेली असते, हे महत्त्वाचं.

फोन करताना आकडा आधी सांगा, कारण नंतर. "दोन एककं वाढतील" (अर्थात तुमच्या रकमेत) असं पहिल्याच वाक्यात आलं की माणूस नीट ऐकतो. आधी पाच मिनिटं जटांचं वर्णन केलं तर तो पूर्ण वेळ ‘आता किती सांगणार’ याच विचारात असतो.

## ६. किरकोळ कामं थोडक्यात

ही यादी पाच-सहा ओळींच्या पुढे गेली की लोकांना वाटतं, यांनी पंजासुद्धा मोजून लावला आहे. नखं आणि कान मुख्य दरातच ठेवा. वेगळं तेवढंच ठेवा ज्यात खरोखर वेगळा वेळ जातो.

औषधी शाम्पू त्यात येतो. पशुवैद्यांनी दिलेला असा शाम्पू बहुधा ५ ते १० मिनिटं अंगावर ठेवावा लागतो, आणि तोवर ओला कुत्रा धरून उभं राहावं लागतं. दर त्या वेळेचा आहे, बाटली मालकाची असली तरी. तसं लिहिलं नाही तर "शाम्पू तर आम्हीच आणला" हे ऐकावं लागतं.

गोचीड किंवा पिसवा निघाल्या तर नंतर टब, टेबल, टॉवेल सगळं वेगळं धुवावं लागतं. त्याचं १ एकक.

चावणाऱ्या किंवा खूप घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी ‘आक्रमक कुत्र्याचा जादा दर’ असले शब्द लिहू नका. ‘धरायला दुसरं माणूस लागलं तर अधिक २ एककं’ असं लिहा. गोष्ट तीच, पण कुणाच्या कुत्र्याला शिवी बसत नाही.

गुदग्रंथी दाबणं मी यादीतून काढून टाकलं. गरज नसताना त्या दाबायच्या नसतात, आणि गरज असेल तर ते पशुवैद्यांनी बघितलेलं बरं.

## ७. एक बिल उघडून दाखवा

तक्त्यांखाली एक पूर्ण उदाहरण छापा. माझ्याकडे आहे ते एका शित्झूचं. नाव कुकी, वजन ७ किलो, मागचं कटिंग तीन महिन्यांपूर्वी.

मालकांनी अंगभर कटिंग मागितलं होतं. लांबी एक पेर ठरली. १० किलोपर्यंतचा तक्ता, वाढत राहणारे केस, तिसरी चौकट: ९ एककं. आत घेताना त्यांच्यासमोरच कंगव्याची चाचणी केली. कानांमागे अडकला, पण गाठ बोटांनी सुटत होती. शेपटीला ठीक होता. काखेत मात्र शिरलाच नाही, आणि तिला उलटं करून पोट बघितलं तर दोन्ही काखांपासून मांड्यांपर्यंत एकच चादर. कुकी थंडीत अंगरखा घालायची, तो घासून घासून हे झालं होतं.

म्हणजे तिसरी ओळ, अधिक २. एकूण ११. गाठी आणि जटा दोन्ही असतील तर मोठाच दर एकदा लागतो, दोन्ही मिळून नाही. हे वाक्यही दरपत्रकात हवं, नाहीतर मालक ३ मिळवून १२ करतात आणि उगाच दचकतात.

हे २ कुठून आले? अंघोळीआधी क्लिपरने पोट आणि काखा मोकळ्या करायला ५० मिनिटं लागली. पण तिथे नंतर कात्री चालवावी लागली नाही, त्यात २० मिनिटं वाचली. उरली ३० मिनिटं, म्हणजे २ एककं. वाचलेली २० मिनिटं वजा केलेली दिसली की लोकांचा हिशेबावर विश्वास बसतो. निदान त्यांनी तसं मला सांगितलं.

पाठीवरचे केस ठरल्याप्रमाणे एक पेर राहिले, पोटावर ३ मिलिमीटर. वरून बघितलं तर फरक कळतही नव्हता. मालक ११ मोजूनच आले होते.

## ८. लावण्याआधी परक्याकडून वाचून घ्या

मसुदा झाला की ग्रूमिंगशी संबंध नसलेल्या तीन माणसांना द्या. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. एक कुत्रा द्या: "१२ किलोचा ल्हासा, कानामागे गाठी आहेत, अंगभर कटिंग हवं. बिल किती?" तिघांचा आकडा एकच आला तर मजकूर तयार. वेगळा आला तर ज्याचा चुकला त्याने बोट नेमकं कुठे ठेवलं होतं ते बघा आणि ती ओळ बदला. माझ्या तिसऱ्या मसुद्यात दोघांनी ल्हासा दुहेरीत शोधला होता, कारण मी गटाचं नाव ‘लांब केस’ ठेवलं होतं आणि गोल्डनचेही केस लांबच असतात. ‘वाढत राहणारे’ हे नाव त्यावरून सुचलं.

सगळ्यात वर तारीख टाका: ‘हे दर अमुक तारखेपासून’. दर बदलले की जुना कागद भिंतीवरून काढा आणि फोनमध्ये साठवलेला जुना फोटोही पुसा. मागच्या वर्षी मी भिंतीवरचा बदलला, फोनमधला राहिला, आणि नवीन ग्राहकांना दोन आठवडे जुनाच फोटो पाठवत बसले. ज्यांना तो गेला होता त्या सगळ्यांना जुन्याच दराने बिल दिलं.